सहा हजार ओळी आणि मधली एक रिकामी जागा

प्रश्न: आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं युनिट आहे, ऑफिस मी बघते. एप्रिलपासूनचं डिस्पॅच रजिस्टर एक्सेलमध्ये आहे, सहा हजारांवर ओळी झाल्यात. माऊसने सिलेक्ट करायला गेलं की शीट पळत सुटतं, कधी पुढे जातं, कधी आधीच थांबतं. कुणीतरी Ctrl+Shift+बाण सांगितलं, पण ते कधी मध्येच अडकतं आणि कधी एकदम दहा लाखाव्या ओळीवर जाऊन बसतं. पूर्ण ओळ, पूर्ण कॉलम आणि सगळा डेटा खात्रीने कसा निवडायचा?

तुमची की बिघडलेली नाही. तुमच्या शीटमध्ये भोकं आहेत आणि ती की प्रामाणिकपणे तिथे थांबते आहे, एवढंच.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, मग बाकीचं सोपं जाईल. `Ctrl+Shift+↓` फक्त एका कॉलमकडे बघतं, तुम्ही ज्या सेलवर उभ्या आहात त्या कॉलमकडे. त्या कॉलममध्ये भरलेलं संपून रिकामं सुरू झालं की ते थांबतं. शेजारच्या दहा कॉलममध्ये खाली सहा हजार ओळी भरलेल्या असल्या तरी त्याला त्याचं काही नाही. `Ctrl+A` मात्र अख्ख्या पट्ट्याकडे बघतं. चारही बाजूंना पूर्ण रिकामी ओळ आणि पूर्ण रिकामा कॉलम लागेपर्यंत ते पसरत जातं, मधल्या एखाददुसऱ्या रिकाम्या सेलने त्याला फरक पडत नाही. एक जण शिडीच्या एकाच बाजूने हात फिरवत उतरतोय आणि दुसरा घराच्या कुंपणापर्यंत चालत जातोय, असं समजा. कुठल्या कामाला कुणाला पाठवायचं हे ठरलं की अडकणं बंद.

मी चाटी गल्लीतल्या आणि एमआयडीसीतल्या कापडवाल्यांची रजिस्टरं वीसेक वर्षं हाताळतोय. त्यांची मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच असते, तेव्हा तुमचंही असंच असेल असं धरून सांगतो. वरच्या तीन ओळींत फर्मचं नाव, पत्ता, वर्ष. चौथी ओळ रिकामी. पाचव्या ओळीत शीर्षकं: A तारीख, B चलन नंबर, C पार्टी, D माल, E साइझ, F डझन, G भाव, H रक्कम, I ट्रान्सपोर्ट, J एल.आर. नंबर, K शेरा. सहाव्या ओळीपासून नोंदी, त्या 6417 व्या ओळीपर्यंत, म्हणजे 6412 नोंदी. आणि 6418 व्या ओळीत, लगेच चिकटून, `एकूण`. त्यात C मध्ये शब्द आणि F व H मध्ये बेरीज.

आता B6 वर उभ्या राहा आणि `Ctrl+Shift+↓` दाबा. चलन नंबर कुणी रिकामा सोडत नाही, त्यामुळे निवड सरळ B6417 वर जाऊन थांबेल. एकूणच्या ओळीत B रिकामा आहे, म्हणून ती आपोआप बाहेर राहिली. खाली स्टेटस बारमध्ये `Count: 6412` दिसायला हवं. एका चलनाला एक ओळ आणि एप्रिलपासून नंबर 1 ने सुरू, अशी पद्धत असेल तर शेवटचा चलन नंबरही 6412 असला पाहिजे. हे दोन आकडे जुळले की निवड बरोबर झाली आणि मधलं एकही चलन गळलेलं नाही, हे दोन्ही एका नजरेत कळतं. माऊसने ओढताना ही खात्री कधीच मिळत नाही, कारण ओढणं थांबलं म्हणजे डेटा संपला असा अर्थ होत नाही.

हेच J6 वरून करा. गावातल्या गावात टेम्पोने गेलेल्या मालाला एल.आर. नसतो, मग J24 रिकामा असेल तर निवड J23 वर थांबेल. पुन्हा दाबलं की ती पुढच्या भरलेल्या सेलवर उडी मारेल, पुन्हा दाबलं की त्या सलग तुकड्याच्या टोकाला, आणि असं करत करत शेवटचा एल.आर. मागे पडला की खाली अडवायला काहीच उरत नाही. मग ती थेट 1048576 वर जाते. तेच तुमचं दहा लाखाचं गूढ. एक्सेल 2007 पासून शीटला एवढ्याच ओळी असतात. आधीच्या `.xls` फाइलला 65536 असायच्या, तेव्हा लोक पासष्ट हजारावर जाऊन घाबरायचे.

तिथे गेलात तर घाबरून माऊस पकडू नका. Shift न सोडता `Ctrl+Shift+↑` एकदा दाबा. निवडीचं खालचं टोक वर येतं आणि J मधल्या शेवटच्या भरलेल्या एल.आर. वर थांबतं. खालून वर येताना मधली भोकं आडवी येत नाहीत, कारण पहिलं भरलेलं सेल म्हणजेच शेवटची नोंद. भोकांचा कॉलम असला तर खाली जाऊन वर येणं हाच शहाणा रस्ता. फक्त लक्षात ठेवा, हे तुम्हाला शेवटच्या *एल.आर.* पर्यंत नेतं, शेवटच्या नोंदीपर्यंत नव्हे. 6415 ते 6417 या तीन ओळींत एल.आर. नसेल तर त्या बाहेर राहतील.

नेमकी J6 ते J6417 हवी असेल तर बाणांच्या नादी लागू नका. फॉर्म्युला बारच्या डावीकडे जी छोटी चौकट आहे, जिथे B6 वगैरे लिहिलेलं दिसतं, त्या नेम बॉक्समध्ये हे टाइप करून एंटर मारा:

```
J6:J6417
```

खालची ओळ कुठली हे तुम्हाला B कॉलमने आधीच सांगितलंय. मी तर म्हणेन, कुठल्याही रजिस्टरला एक कधीही रिकामा न राहणारा कॉलम असतो, तो ओळखून ठेवा आणि लांबी नेहमी त्यालाच विचारा. आपल्याकडे तो चलन नंबर किंवा बिल नंबर. तारीख नव्हे. तारखेचं का नाही, ते पुढे येईल.

आता सगळा डेटा. A5 वर उभ्या राहा, म्हणजे तारखेच्या शीर्षकावर, आणि `Ctrl+A` एकदाच दाबा. दोनदा दाबलं तर अख्खं शीट निवडलं जातं, वरच्या फर्मच्या नावासकट. एकदा दाबल्यावर A5 पासून K6418 पर्यंत निवड होईल. चौथी ओळ रिकामी आहे म्हणून नाव-पत्ता बाहेर राहिला. ती ओळ सुंदर दिसावं म्हणून नसते, ती कुंपण असते. बरेच जण शीर्षक नावाला चिकटवतात आणि मग `Ctrl+A` फर्मचा पत्तासुद्धा डेटा समजून उचलतं.

पण 6418 ची एकूणची ओळ आत आली, ती नको. A5 वरून निवड सुरू केल्यामुळे तुमचं टोक खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे. `Shift+↑` एकदा दाबा, निवड एक ओळ वर सरकते आणि एकूण बाहेर पडतं. नाही काढलं तर काय होतं, ते सांगतो. रकमेवर मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट केलंत तर सगळ्यात मोठी रक्कम कुणाची? एकूणची. ती सगळ्यात वर जाऊन बसते आणि मालक विचारतात, "ही एकूण नावाची पार्टी कोण?" मी हे एका ऑफिसात प्रत्यक्ष ऐकलंय. यापेक्षा चांगलं म्हणजे 6418 ओळ रिकामी सोडून एकूण 6419 ला न्या. मग `Ctrl+A` स्वतःच 6417 वर थांबेल आणि `Shift+↑` ची गरजच उरणार नाही.

निवड झाल्यावर ती बरोबर आहे का, हे बघायला शीट खाली-वर सरकवू नका, निवड मोडायची भीती असते. `Ctrl+.` दाबा, म्हणजे Ctrl धरून पूर्णविरामाची की. दर वेळी कर्सर निवडीच्या पुढच्या कोपऱ्यावर जातो: A5, मग K5, मग K6417, मग A6417, आणि परत A5. निवड हलत नाही, तुम्ही फक्त चारी खुंट्यांना हात लावून येता. मला ही की फार उशिरा कळली, तोवर मी निवड करून खाली जाऊन बघायचो, मग चुकून कुठेतरी क्लिक व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता कुंपण नको तिथे असलं तर काय होतं, ते माझ्याच चुकीवरून सांगतो, कारण त्या चुकीने मला हा सगळा विषय शिकवला. एका टॉवेलवाल्याकडे मी रजिस्टर मांडून दिलं. रक्कम आणि ट्रान्सपोर्ट यांच्यामध्ये मी एक रिकामा कॉलम सोडला, अगदी बारीक, दिसायला छान म्हणून. डावीकडे हिशोब, उजवीकडे गाडीचा तपशील. एके दिवशी पार्टीच्या नावाने सॉर्ट केलं. C मधल्या एका सेलवर उभा राहिलो आणि सॉर्टचं बटण दाबलं. एक्सेल अशा वेळी तोच `Ctrl+A` वाला पट्टा मनाशी धरतं, आणि तो पट्टा माझ्या बारीक रिकाम्या कॉलमपाशी संपत होता. डावी बाजू पार्टीनुसार लागली, उजवी बाजू जागची हलली नाही. नावं एकाची, एल.आर. दुसऱ्याचा. कुठलीही सूचना आली नाही, कारण एक्सेलच्या मते ते दोन वेगवेगळे तक्ते होते. मी सेव्ह करून फाइल बंद केली, म्हणजे `Ctrl+Z` चाही रस्ता संपला. दोन दिवसांनी हैदराबादहून फोन आला, "अण्णा, तुम्ही दिलेल्या बिल्टीवर माल बंगळुरूचा निघतोय."

दुरुस्ती करायला चलनाच्या छापील प्रती काढून एकेक एल.आर. परत जुळवावा लागला. तेव्हापासून सॉर्ट करायच्या आधी `Ctrl+A` दाबून निवड शेवटच्या कॉलमपर्यंत जाते का, हे बघितल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही. डोळ्याला अंतर हवं असेल तर रिकामा कॉलम न सोडता कॉलमची रुंदी वाढवा किंवा मधली बॉर्डर जाड करा.

पूर्ण ओळ आणि पूर्ण कॉलम यांच्या किया तशा सोप्या आहेत. `Shift+Space` ओळ निवडतं, `Ctrl+Space` कॉलम. लक्षात राहत नसेल तर कॉलम म्हणजे सी आणि Ctrl ही सीवर, एवढं पुरे. पण यांचा खरा उपयोग एका बारीक जागी आहे. समजा 3120 व्या ओळीचं चलन रद्द झालं. त्या ओळीतल्या एका सेलवर उभ्या राहून `Ctrl+-` दाबलं तर एक्सेल विचारतं, सेल डावीकडे सरकवू की वर. घाईत वर सरकवा म्हटलं की फक्त तोच कॉलम एक घर वर जातो आणि 3120 च्या खालच्या सगळ्या नोंदींची रक्कम किंवा भाव शेजारच्या चलनाला चिकटतो. आधी `Shift+Space`, मग `Ctrl+-` केलं की विचारणाच होत नाही, अख्खी ओळ जाते, बाकीच्या जुळलेल्या राहतात.

एकापेक्षा जास्त ओळी हव्या असतील तर क्रम महत्त्वाचा. आधी B मध्ये हव्या तेवढ्या ओळी निवडा, `Shift+↓` ने चारपाच किंवा `Ctrl+Shift+↓` ने शेवटपर्यंत, आणि *नंतर* `Shift+Space`. निवडलेल्या सगळ्या सेलांच्या ओळी पूर्ण निवडल्या जातात. कॉलमचंही तेच: F5 वरून `Shift+→` दोनदा, मग `Ctrl+Space`, की F, G, H तिन्ही निवडले जातात. आधी अरुंद निवडून नंतर रुंद करायचं. तारखेच्या कॉलममध्ये भोकं असली तरी या पद्धतीला काही होत नाही, कारण लांबी B ने ठरवली.

`Ctrl+Space` ने एक घोळ हमखास होतो, आणि तो आपल्या रजिस्टरांत तर नक्कीच, कारण फर्मचं नाव A1 ते K1 मर्ज करून मधोमध लिहायची सगळ्यांनाच हौस. तुम्ही C वर उभ्या राहून `Ctrl+Space` दाबता आणि एकदम A पासून K पर्यंत सगळे कॉलम निवडले जातात. मर्ज झालेलं सेल कापता येत नाही, म्हणून निवड त्याच्या पूर्ण रुंदीएवढी पसरते. अशा वेळी न बघता `Ctrl+-` दाबलं तर सगळं रजिस्टरच गेलं. कॉलमच्या वरच्या अक्षरावर माऊसने क्लिक केलं तर फक्त C निवडला जातो, त्यामुळे लोक म्हणतात की की-बोर्डची की खराब आहे. उपाय असा: A1 ते K1 वर मर्ज काढून टाका, तेवढीच सेलं निवडा, `Ctrl+1` दाबा, `Alignment` मध्ये `Horizontal` च्या यादीतून `Center Across Selection` निवडा. नाव तसंच मधोमध दिसतं, पण सेलं सुटी राहतात आणि `Ctrl+Space` शहाण्यासारखं एकच कॉलम निवडतं.

आणखी एक, पूर्ण कॉलम कॉपी करून दुसऱ्या शीटच्या पाचव्या ओळीत पेस्ट करायला गेलात तर एक्सेल नकार देतं. दहा लाख अट्ठेचाळीस हजार सेलं पाचव्या ओळीपासून खाली मावत नाहीत, साधी गोष्ट. तिथे B5 वरून `Ctrl+Shift+↓` वापरा.

आता तारखेचं. बऱ्याच ऑफिसांत जुन्या वहीची सवय एक्सेलमध्येही येते. दिवसाची तारीख एकदाच लिहायची, खालच्या सगळ्या चलनांना ती लागू. वहीत हे चालतं. शीटमध्ये A6 ला 1 एप्रिल, A7 ते A19 रिकामे, A20 ला 2 एप्रिल. म्हणजे `Ctrl+Shift+↓` दर दिवसाला अडकणार, आणि सॉर्ट केलं तर तारीख नसलेल्या नोंदी सगळ्या खाली जाणार, कुठल्या दिवसाच्या ते कधीच कळणार नाही. जीएसटीआर-1 साठी महिन्याचा माल वेगळा काढायला बसाल तेव्हा हे अंगाशी येतं, आणि ते बहुधा दहा तारखेलाच कळतं, कारण मुदत 11 ची.

ही भोकं भरायलाही निवडच उपयोगी पडते. आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. नेम बॉक्समध्ये `A6:A6417` टाइप करून एंटर. मग `F5`, त्यात `Special`, त्यात `Blanks`, आणि `OK`. आता फक्त रिकामी सेलं निवडलेली दिसतील, कर्सर पहिल्या रिकाम्यावर, म्हणजे A7 वर. काहीही क्लिक न करता `=` टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा. सेलमध्ये हे दिसेल:

```
=A6
```

एंटर नका मारू. `Ctrl+Enter` मारा. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये आपापल्या वरच्या सेलचा संदर्भ जातो आणि तारखा भरल्या जातात. एखादं सेल तारखेऐवजी 45000 सारखा आकडा दाखवत असेल तर भरलेलं चुकलं असं नाही, फक्त त्या सेलला तारखेचं फॉरमॅट नाही. पण इथेच थांबू नका. आत्ता ही सूत्रं आहेत, सॉर्ट केलं की प्रत्येक सेल नव्या शेजाऱ्याची तारीख घेऊन बसेल. म्हणून पुन्हा नेम बॉक्समधून `A6:A6417` निवडा, `Ctrl+C`, मग `Ctrl+Alt+V`, मग `V`, एंटर. आता त्या पक्क्या तारखा झाल्या आणि A सुद्धा B सारखा बिनभोकाचा कॉलम झाला.

उलटा त्रासही असतो. सेल डोळ्याला रिकामं दिसतं, पण `Ctrl+Shift+↓` त्यावरून तरातरा पुढे निघून जातं. समजा J मध्ये कुणी सूत्र लावलंय, एल.आर. नसेल तर काही दाखवू नको असं. सूत्र रिकामं दाखवत असलं तरी सेल रिकामं नसतं, आणि बाण त्याला भरलेलंच धरतो. सूत्र काढून फक्त व्हॅल्यू पेस्ट केल्या तरी हा भास मागे उरतो. `F5` च्या `Blanks` लाही ती सेलं सापडत नाहीत, उलट `No cells were found.` असा निरोप येतो आणि समोर तर ढीगभर रिकामी सेलं दिसत असतात. शंका आली की बाजूच्या मोकळ्या सेलमध्ये विचारा:

```
=ISBLANK(J40)
=LEN(J40)
```

पहिलं `FALSE` आणि दुसरं 0 आलं तर ते असलं पोकळ सेल. दुसरं 1 आलं तर कुणीतरी स्पेसबार दाबून "पुसलेलं" आहे, हे फारच सर्रास चालतं. पोकळ सेलं खरी रिकामी करायला J वर फिल्टर लावून `(Blanks)` ठेवा, `J6:J6417` निवडा, मग `Alt+;` दाबा आणि `Delete`. `Alt+;` म्हणजे निवडीतली फक्त दिसणारी सेलं ठेव, लपलेली सोड. फिल्टर असताना निवडीला रंग सलग दिसतो, पण आत लपलेल्या ओळीही असू शकतात. काही कामांत एक्सेल त्या स्वतः सोडतं, काहींत नाही, आणि हाताने लपवलेल्या ओळी तर कॉपीबरोबर जातातच. कुठे सोडतं आणि कुठे नाही, हे पाठ करण्यापेक्षा मी सरळ `Alt+;` मारतो.

इतकं करूनही बाण दाबल्यावर सेल हलत नसेल आणि शीटच सरकत असेल, तर खाली स्टेटस बारवर `Scroll Lock` लिहिलंय का बघा. ती की बंद करा. लॅपटॉपवर ती की सापडत नसेल तर विंडोजचा स्क्रीनवरचा की-बोर्ड उघडून त्यातली `ScrLk` दाबा. आणि `Ctrl+Space` ला काहीच होत नसेल, तर मराठी टायपिंगसाठी बसवलेलं एखादं सॉफ्टवेअर भाषा बदलायला तीच जोडी वापरतंय का ते बघा. त्याच्या सेटिंगमध्ये जोडी बदलली की एक्सेलला त्याची की परत मिळते. उजवीकडच्या अंकांच्या भागातले बाण मात्र वापरू नका. `Num Lock` चालू असताना तिथे Shift धरलं की निवड होत नाही, नुसता कर्सर पळतो.

शेवटी, रोज याच रजिस्टरवर काम असेल तर ते टेबल करून टाका. A5 वर उभ्या राहून `Ctrl+A`, मग `Ctrl+T`. टेबलमध्ये `Shift+Space` फक्त A ते K एवढीच ओळ निवडतं, `Ctrl+Space` फक्त त्या कॉलमच्या नोंदी, शीर्षक सोडून. तेच दुसऱ्यांदा दाबलं की शीर्षकही येतं. `Ctrl+A` चंही तसंच, पहिल्यांदा नोंदी, दुसऱ्यांदा शीर्षकासकट, तिसऱ्यांदा अख्खं शीट. भोकांनी आता काही अडत नाही, कारण टेबलाच्या कडा एक्सेलला माहीत असतात. वरचं मर्ज केलेलं नावही आडवं येत नाही. फक्त `Ctrl+T` च्या आधी ती हाताने लिहिलेली एकूणची ओळ पुसून टाका. नाहीतर ती 6413 वी नोंद म्हणून आत जाईल, आणि पुढचं चलन तिच्या खाली लिहिलं जाईल. बेरीज हवी असेल तर टेबल झाल्यावर `Ctrl+Shift+T` दाबा, टेबल स्वतःची एकूणची ओळ खाली लावतं. त्या ओळीत F आणि H च्या सेलवर उभ्या राहून बाजूच्या बाणातून `Sum` निवडा, की बेरीज येते. ही ओळ सॉर्टमध्ये वर येत नाही.